‘आपणे’ आणि ‘अमे’: गुजराती-पंजाबी विनोद हिंदीतून का बघू नये

लग्नाची बोलणी चालली आहेत. मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना अगदी जिव्हाळ्यानं सांगतात, “आपणे हॉल राखीशुं, आपणे केटरर राखीशुं, ने अमे जमवा आवीशुं.” गुजरातीचं एक अक्षर न शिकलेल्या मराठी माणसालाही हे वाक्य कळतं आणि हसूही येतं. ‘आपण हॉल घेऊ, आपण केटरर ठरवू, आणि आम्ही जेवायला येऊ.’ खर्चात दोन्ही बाजू आणि पंगतीत फक्त वरपक्ष, हा सगळा डाव ‘आपणे’वरून ‘अमे’वर केलेल्या एका उडीत आहे.

आता हे हिंदीत करून बघा. ‘हम हॉल लेंगे, हम केटरर रखेंगे और हम खाने आएँगे.’ विनोद गेला. ऐकणाऱ्याला धरून बोलणारं ‘आपण’ आणि त्याला वगळणारं ‘आम्ही’ हा भेद हिंदीतल्या ‘हम’ला दाखवता येत नाही, इंग्रजीतल्या ‘वी’लाही नाही. गुजराती आणि मराठीत मात्र तो रोजच्या बोलण्यात आहे. वाक्य वानगीदाखल रचलेलं असलं, तरी असली वाक्यं गुजराती कौटुंबिक विनोदाचा कणा आहेत. म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की, मराठी प्रेक्षकानं गुजराती आणि पंजाबी विनोदी चित्रपट मूळ भाषेत, उपशीर्षकांसह बघावेत, आणि ती उपशीर्षकं मराठीत मिळावीत. हिंदी डबिंग ही सोय वाटते, पण आपल्याला जे थेट समजलं असतं तेच ती काढून घेते.

गुजरातीपासून सुरुवात करणं सोपं, कारण व्याकरणाचा सांगाडा ओळखीचा आहे. ‘छोकरो, छोकरी, छोकरुं’ म्हणजे आपले मुलगा, मुलगी, मूल. हिंदीला नपुंसकलिंग नाही. आपल्याला आहे, आणि माणसाला नपुंसकलिंगात ढकलून त्याची किंमत कमी करण्याची किंवा त्याचे लाड करण्याची खोडही आहे. ‘ते ध्यान आलं का?’ हे ज्याला कळतं त्याला गुजराती ‘-उं’चा सूरही कळतो. काही शब्द तर एकाच मुशीतून निघाल्यासारखे आहेत. ‘डाह्यो’ म्हणजे शहाणा आणि ‘दोढडाह्यो’ म्हणजे दीडशहाणा. दोढ म्हणजे दीड, हिशेबसुद्धा तोच. एखाद्या माणसाला ‘नंग’ म्हटलं की आपला ‘नग’ आठवावा. ‘वेवाई’ म्हणजे व्याही आणि ‘वेवाण’ म्हणजे विहीण. इंग्रजीत व्याह्यासाठी शब्दच नाही, त्यामुळे उपशीर्षकात ‘माझ्या जावयाचे वडील’ अशी अख्खी ओळ खर्ची पडते किंवा नुसतं ‘अंकल’ येतं. दोन व्याह्यांमधली मानापानाची कुस्ती हा ज्या प्रसंगाचा विषय आहे, तिथे ‘अंकल’ लिहिणं म्हणजे प्रसंगच गाळणं.

ओळखीच्या भाषेत पाय घसरतो तो ओळखीच्याच शब्दावर. गुजराती ‘नवरो’ म्हणजे रिकामा, ज्याच्या हाताला काम नाही असा. ‘तमे नवरा छो?’ याचा अर्थ ‘मोकळे आहात का?’ एवढाच. मराठी कान इथे हमखास दचकतो. ‘केरी’ म्हणजे आंबा, मग तो पिकलेला का असेना. आपली कैरी फक्त कच्ची. असे शब्द सुरुवातीलाच ठाऊक असलेले बरे, नाहीतर भलत्या जागी हसू येतं आणि पुढचं वाक्य निसटतं. ते कसं ओळखायचं? आपण हसलो आणि पडद्यावर कुणाच्याच चेहऱ्यावर काही हललं नाही, तर शब्द फसवून गेला असं समजावं आणि दहा सेकंद मागे जावं.

पहिला गुजराती चित्रपट कोणता, याला माझं ठाम उत्तर आहे : २०२० चा ‘गोळकेरी’. कारण साधं आहे. तो २०१७ च्या मराठी ‘मुरांबा’चा रिमेक आहे, आणि मुलाच्या वडिलांच्या भूमिकेत दोन्हीकडे सचिन खेडेकर आहेत. नातं तुटल्याचं तरुण जोडप्यानं घरी सांगितलेलं नाही, आई-बाबांना ते कळतं आणि मग चौघांचं बोलणं सुरू होतं, ही गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पुढे काय होणार याची काळजी नाही, म्हणजे सगळं लक्ष भाषेला देता येतं. एकच नट, एकच बाप, दोन भाषा. शिकणाऱ्याला यापेक्षा चांगला तक्ता कुणी करून दिला नसता.

पद्धतही सांगतो. आधी ‘मुरांबा’ बघा, मग दोनेक दिवसांनी ‘गोळकेरी’ उपशीर्षकांसह सलग बघा. त्यानंतर बाप-लेकाचा एखादा तीन-चार मिनिटांचा प्रसंग निवडा आणि तेवढाच उपशीर्षकं बंद करून पुन्हा बघा. पहिल्यांदा वाचण्यात डोळे खालच्या पट्टीवर होते, त्यामुळे चेहरे निम्मे सुटलेले असतात. दुसऱ्या वेळी अर्थ डोक्यात असतो आणि कान मोकळे होतात. ‘छे’ म्हणजे आहे, ‘नथी’ म्हणजे नाही, ‘शुं’ म्हणजे काय, ‘केम’ म्हणजे का आणि ‘हवे’ म्हणजे आता, हे पाच शब्द या एका प्रसंगातच पक्के होतील, आणि बोलक्या गुजरातीचा मोठा भाग त्यांच्या आधारानं उलगडतो.

नावातसुद्धा भाषांतराचा एक धडा आहे. मुरांबा साखरेच्या पाकातला. गोळ म्हणजे गूळ, आणि गोळकेरी म्हणजे गुळात मुरवलेलं कैरीचं लोणचं. शब्दाला शब्द न शोधता, गुजराती घरातल्या बरणीत जे असतं ते नाव दिलं गेलं. कच्च्या फळाचं मुरणं हा अर्थ टिकला आणि बरणी घरची झाली. ‘व्हेंटिलेटर’ हा चित्रपटही असाच आधी २०१६ ला मराठीत आणि मग २०१८ ला गुजरातीत आला. मराठीतून गुजरातीत गोष्टी जात आहेत आणि तिथले प्रेक्षक त्या आपल्या भाषेत बघत आहेत. परतीचा रस्ता मात्र आपण हिंदीवरून वळवून घेतला आहे.

यानंतर पुढची पायरी ‘गुज्जुभाई’. २०१५ चा ‘गुज्जुभाई द ग्रेट’ सिद्धार्थ रांदेरिया यांच्या रंगभूमीवरच्या ‘गुज्जुभाई’ नाट्यमालेतून पडद्यावर आला. मुंबईच्या गुजराती रंगभूमीची सवय या विनोदात ठळक दिसते. दिवाणखाना, दारं, चुकीच्या वेळी आत येणारा माणूस, एक थाप झाकायला मारलेली दुसरी थाप. मराठी प्रेक्षक फार्सवर वाढलेला असल्यामुळे हे यंत्र त्याला समजावून द्यावं लागत नाही. नवशिक्यासाठी याचा आणखी एक फायदा आहे. नाटकात प्रेक्षकांच्या हशासाठी थांबावं लागतं, आणि तिथे मुरलेला नट कॅमेऱ्यासमोरही वाक्य पूर्ण करून क्षणभर श्वास घेतो. त्या क्षणात आपलं वाचन नटाला गाठतं.

एक अडचण येते ती बोलीची. शिकलेलं ‘सारुं’, म्हणजे चांगलं, अचानक ‘हारुं’ ऐकू येतं, ‘साचुं’, म्हणजे खरं, याचं ‘हाचुं’ होतं, ‘छे’च्या जागी ‘से’ येतं. भाषा बदललेली नाही, पात्र काठियावाडी किंवा गावाकडचं आहे इतकंच. नागपूरचा माणूस आणि पुण्याचा माणूस एकाच खोलीत बोलायला लागल्यावर जी गंमत होते, तीच इथे आहे. हिंदी डबिंगमध्ये काठियावाडी माणसाला भोजपुरी किंवा हरियाणवी धाटणीचा आवाज दिला, तर पात्राचा गावच बदलतो. म्हणून ‘हारुं’ ऐकू आलं की त्याचं मनात ‘सारुं’ करायची सवय लावावी. चार प्रसंगांत ती लागते.

पंजाबी हा वेगळा मामला आहे. मराठी माणसाचा समज असा की, हिंदी गाण्यांमुळे पंजाबी निम्मी येतेच. गाण्यातली येते, बोलण्यातली नाही, आणि त्याचं कारण नेमकं आहे. पंजाबीत सूर अर्थ बदलतो. शब्दाच्या सुरुवातीचे घ, झ, ढ, ध, भ हे पंजाबी बोलणारा क, च, ट, त, प असे उच्चारतो आणि त्या जागी सूर खाली नेतो. ‘घर’ ऐकू येतं ‘कर’सारखं, ‘भैण’ म्हणजे बहीण ऐकू येते ‘पैण’. ‘कोडा’ हा शब्द सपाट सुरात चाबूक, खालच्या सुरात घोडा आणि वरच्या सुरात कुष्ठरोगी. लिहिताना तिन्ही वेगळे, पण अनोळखी कानाला तिन्ही एकच. मोठ्या भावाला आदरानं म्हणायचं ‘भाजी’ आपल्याला ‘पाजी’ ऐकू येतं, आणि मराठीत पाजी म्हणजे काय हे सांगायला नको. ही एक चावी हातात ठेवा : शब्दारंभी क, ट, प ऐकू आला, सूर खाली गेला आणि अर्थ लागला नाही, तर मनात घ, ढ, भ लावून बघा. ‘पैण’ची बहीण लगेच होते.

पंजाबी विनोद इतका कानावर का अवलंबून आहे, याचा एक धागा कॅसेटमध्ये सापडतो. जसविंदर भल्ला हे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात प्राध्यापक होते. १९८८ पासून त्यांनी ‘छणकाटा’ ही विनोदी कॅसेटची मालिका काढली. त्यातला चाचा चतरसिंग हा गावातला वडीलधारा नुसत्या आवाजातून उभा राहत असे. कॅसेटला चेहरा नसतो, त्यामुळे सगळं ओझं शब्दांवर, यमकावर आणि ठेक्यावर येतं. हेच भल्ला पुढे २०१२ च्या ‘कॅरी ऑन जट्टा’मध्ये वकील ढिल्लों झाले, आणि पात्राच्या तोंडी ठेक्यातली, यमक जुळवलेली वाक्यं पुन्हा पुन्हा येत राहिली. २०२५ मध्ये ते गेले तेव्हा लोकांना आधी आठवली ती ही वाक्यं. अशा वाक्याचं अर्थानुसारी भाषांतर केलं तर हाती म्हणीचं स्पष्टीकरण उरतं. उखाण्याचं गद्य केल्यावर जे होतं तेच. मराठी उपशीर्षक लिहिणाऱ्यानं इथे शब्दाशी इमान सोडून यमक सांभाळावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यमक हाच तिथला अर्थ असतो.

व्याकरणात मात्र पंजाबीही एका जागी आपल्याला भेटते. हाक मारताना समोरचा पुरुष आहे की बाई, हे मराठीत ‘अरे’ आणि ‘अगं’मधून कळतं. पंजाबीत बाईला उद्देशून ‘नी’ आणि पुरुषाला, विशेषतः बायकांच्या तोंडी, ‘वे’. सासू सुनेला, नणंद भावजयीला, आजी नातवाला बोलते तेव्हा वाक्यावाक्यात हे ‘नी’ आणि ‘वे’ पेरलेले असतात. प्रेम, राग, लाडीगोडी, टोमणा सगळं त्या एका अक्षराच्या लांबीवर. इंग्रजी उपशीर्षकात त्यांना जागाच नसते. मराठीत ‘गं’ आणि ‘रे’ एवढी दोन अक्षरं पुरतात.

नात्यांच्या शब्दांचंही तसंच. पंजाबी लग्नाच्या विनोदात ‘फुफ्फड’ हे ठरलेलं पात्र. फुफ्फड म्हणजे आत्याचा नवरा, आपले आतोबा. तो रुसतो. चहा उशिरा आला, फोटोत मागे उभं केलं, पगडी आधी दुसऱ्याला दिली, काहीही कारण चालतं. यात मजा का, हे नातं उलगडल्याशिवाय कळत नाही. हा माणूस एकेकाळी या घरचा जावई होता, सगळा मान त्याचा होता. आता पुढच्या पिढीच्या मुलींची लग्नं झाली, नवे जावई आले, आणि त्याची खुर्ची एकेक रांग मागे सरकत गेली. त्याचं रुसणं म्हणजे गेलेल्या मानाची वसुली. ज्या समाजात जावयाला धोंड्याच्या महिन्यात वाण देतात, त्या समाजाला हे एका वाक्यात पटतं. हिंदीतला ‘फूफा’ निदान जवळ जातो, पण इंग्रजी ‘अंकल’ मामा, काका, मावसा, आतोबा सगळ्यांना एकाच पंगतीत बसवतो, आणि रुसण्याचं कारणच नाहीसं होतं.

पंजाबीतला सगळ्यात अवघड, आणि माझ्या लेखी सगळ्यात श्रीमंत प्रकार म्हणजे जुगत. दोन माणसं समोरासमोर. एक दुसऱ्याच्या दिसण्यावर, कपड्यावर, वागण्यावर क्षणात उपमा फेकतो, ‘तू असा दिसतोस, जशी…’, आणि दुसरा ती झेलून तिच्यावर चढती उपमा परत करतो. याचं मूळ भांडांच्या, म्हणजे नकला करून हसवणाऱ्या लोककलावंतांच्या, जोडीत आहे. त्यांच्यातल्या एकाच्या हातात चामड्याचा चमोटा असतो आणि विनोद पूर्ण झाला की तो साथीदारावर फटकन वाजतो. तो फटका म्हणजे पूर्णविराम, ‘आता हसा’ असा इशारा. आपल्या तमाशातल्या बतावणीची लय ज्यांच्या कानात आहे, त्यांना हा सवाल-जवाबाचा वेग परका वाटणार नाही. पाकिस्तानी पंजाबच्या रंगमंचानं ही कला विशेष जोपासली. तिथले इफ्तिखार ठाकूर, नासिर चिन्योटी आणि अक्रम उदास हे कलावंत २०१९ च्या ‘चल मेरा पुत्त’मध्ये अमरिंदर गिलसोबत आहेत. चित्रपट घडतो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये. कायम राहण्याची कागदपत्रं मिळवायला धडपडणारे दोन्ही पंजाबांचे लोक एकाच छताखाली राहतात. सीमेच्या दोन बाजूंची पंजाबी एकाच खोलीत कशी वाजते, हे ऐकायला तो चित्रपट हवा.

पण पहिल्याच पंजाबी चित्रपटासाठी तो घेऊ नये. जुगत दोन-तीन सेकंदांत संपते आणि लगेच उत्तर येतं. उपशीर्षकाची रीत अशी की एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत साधारण ४० ते ४२ अक्षरचिन्हं. तीन सेकंदांत एक उपमा, तिचं उत्तर आणि तिसऱ्याची मध्येच टाकलेली काडी हे त्यात बसत नाही. मग लिहिणारा एक उपमा ठेवतो, दोन गाळतो, आणि आपल्याला वाटतं की पडद्यावरची माणसं उगाचच ओरडताहेत. खोलीतले सगळे हसले आणि खाली एकच कोरडी ओळ आली, तर काहीतरी गाळलं गेलं आहे हे ओळखावं. अशा प्रसंगाला दोनदा बघण्यावाचून इलाज नाही : एकदा अर्थासाठी, एकदा फटक्यासाठी. ‘कॅरी ऑन जट्टा’सारखा तोतयेगिरीचा, गोंधळाचा चित्रपट आधी बघितला की कान तयार होतो, कारण तिथे निम्मा विनोद घटनेत आहे.

उपशीर्षकांतली आणखी एक चूक टाळणं पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या हातात आहे. आपण वाचतो वेगानं, नट बोलतो सावकाश. ‘आपणे हॉल राखीशुं’चं अख्खं वाक्य एकाच वेळी पडद्यावर आलं, तर ‘आम्ही जेवायला येऊ’ हे आपण वडिलांच्या आधी वाचून मोकळे होतो, आणि त्यांच्या तोंडून ते येतं तेव्हा शिळं झालेलं असतं. उपाय सोपा आहे. पहिली दोन वाक्यं एका तुकड्यात दाखवायची, ‘आणि आम्ही जेवायला येऊ’ हा तुकडा वेगळा ठेवून नटाचे ओठ हलले की मगच आणायचा. काही पैसे लागत नाहीत, फक्त त्या माणसानं चित्रपट कान देऊन ऐकलेला हवा. मजकूर इंग्रजीतून मराठीत आणला तर हे होणार नाही. इंग्रजीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ आधीच एक झालेले असतात आणि मराठी अनुवादक दोन्ही ठिकाणी ‘आपण’ लिहून मोकळा होतो. उपशीर्षकं मूळ गुजरातीतून, मूळ पंजाबीतूनच व्हायला हवीत. दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारी माणसं मुंबईत, ठाण्यात, पुण्यात, बडोद्यात, नांदेडात आहेत.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, हिंदी सगळ्यांना येतं, मग वेगळा खर्च कशाला? याचं उत्तर वरच्या लग्नाच्या बोलण्यात आहे. हिंदी येणं आणि विनोद हिंदीतून शाबूत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. ज्यांची नजर अधू झाली आहे, ज्यांना भराभर वाचता येत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी डबिंग हवंच. पण ते थेट मराठीत हवं. गुजरातीतून मराठीत आणताना लिंग, ‘आपण-आम्ही’, व्याही-विहीण सगळं जागच्या जागी राहतं आणि वाक्यांची लांबीही बरीच जुळते, त्यामुळे ओठांशी मेळ घालताना कमी ओढाताण होते.

एक गोष्ट या दोन्ही भाषांच्या चाहत्यांनी मान्य करायला हवी. यातल्या बऱ्याच चित्रपटांत जाडी, काळा रंग, तोतरेपणा आणि कजाग बायको यांवरचे विनोद आहेत, आणि ते मला अजिबात आवडत नाहीत. पण नीट बघितलं तर भाषा न कळता पोहोचणारे विनोद नेमके हेच असतात. त्यांना भाषांतर लागत नाही, म्हणून वाईट डबिंगमधूनही ते सहीसलामत येतात, आणि ‘फुफ्फड’ची रुसलेली खुर्ची, ‘दोढडाह्यो’ आणि ‘अमे’ वाटेतच गळतात. मग हिंदीतून बघणारा प्रेक्षक म्हणतो की, गुजराती-पंजाबी विनोद उथळ असतो. त्याच्यापर्यंत पोहोचलेला भाग तेवढाच असतो.